राफ्टिंगची सहल ठरवताना सुरुवात करा ‘पाण्यात पडलो तर?’ या प्रश्नापासून

राफ्टिंगला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी नदी निवडतात, मग तारखा, मग राहण्याची जागा. सुरक्षिततेचा विषय निघतो तो थेट नदीकाठी, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना. तोवर पैसे भरलेले असतात, सगळे उत्साहात असतात आणि माघार घेणं जवळपास अशक्य झालेलं असतं. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी एकच प्रश्न विचारायचा: आपल्यातलं कुणी राफ्टमधून पाण्यात पडलं, तर पुढची पाच मिनिटं कशी जातील? नदी कोणती, महिना कोणता, टप्पा कोणता आणि कंपनी कोणती, ही सगळी उत्तरं याच प्रश्नातून निघतात.

पडणं हा राफ्टिंगमधला अपघात मानू नका. चांगला गाइड असला तरी लाटेच्या धक्क्याने एखादा माणूस बाहेर फेकला जातो, कधी राफ्टच उलटते. जाणकार लोक नदी बघतात ती पाण्यात पडलेल्या माणसाच्या नजरेने. राफ्ट खडकावर आपटली तर ती मऊ असते, उसळते आणि पुढे जाते. माणसाचा गुडघा तसा नसतो.

ग्रेड वाचायचा कसा

वेगाने उसळत जाणाऱ्या पाण्याच्या पट्ट्याला रॅपिड म्हणतात. रॅपिडची अवघडता १ ते ६ अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीत, म्हणजे ग्रेडमध्ये, मोजली जाते. १ म्हणजे हलक्या लहरी, ६ म्हणजे जिथे सहसा कुणी उतरत नाही. जाहिरातीत हे आकडे थराराचं माप म्हणून येतात. श्रेणीची मूळ व्याख्या मात्र पाण्यात पडलेल्या माणसाबद्दलही बोलते. तिसऱ्या श्रेणीत पडलेल्याला इजा क्वचित होते आणि स्वतःहून काठाला लागणं बहुधा जमतं, पण लांबवर वाहून जाणं टाळायला इतरांची मदत लागू शकते. चौथ्या श्रेणीत इजेचा धोका मध्यम ते जास्त असतो आणि स्वतःची सुटका अवघड होते. पाचव्यात पोहत राहणंच धोक्याचं असतं आणि तज्ज्ञांनाही वाचवणं कठीण जातं. म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी खरी सीमारेषा ३ आणि ४ यांच्या मधे आहे. त्या रेषेपलीकडे आपली सुटका आपल्या हातात राहत नाही, ती सोबतच्या बचाव पथकाच्या तयारीवर अवलंबून असते.

या श्रेणीबरोबर पूर्वी एक सूचना दिली जायची, ती आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाणी १० अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल किंवा नदी वस्तीपासून फार दूर असेल, तर ती एक श्रेणी अधिक अवघड समजावी. म्हणजे बर्फाच्या पाण्याची ‘ग्रेड ३’ नदी तुमच्यासाठी ४ आहे. हे कुणी जाहिरातीत लिहिणार नाही, आपणच मनात एक मिळवायचा.

ग्रेडपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे नदीची ठेवण. काही नद्यांवर रॅपिड संपला की खाली खोल, संथ पाण्याचा डोह लागतो. पडलेला माणूस त्या डोहात येऊन थांबतो, दुसरी राफ्ट किंवा कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, त्याला उचलते, सगळे दम घेतात. काही नद्यांवर मात्र असा विसावा नसतो, एक रॅपिड संपायच्या आत दुसरा सुरू होतो. तिथे पडलेला माणूस किलोमीटरभर खडकांतून वाहत जाऊ शकतो.

आफ्रिकेतल्या झांबेझी नदीचं उदाहरण घ्या. व्हिक्टोरिया धबधब्याखालच्या घळीत पाचव्या श्रेणीचे रॅपिड आहेत आणि तिथे राफ्ट उलटणं ही नित्याची गोष्ट आहे. तरीही दरवर्षी असंख्य हौशी पर्यटक ते पार करतात. कारण तिथलं पाणी प्रचंड खोल आणि उबदार आहे, रॅपिडमध्ये उघडे खडक कमी आहेत आणि जवळपास प्रत्येक रॅपिडखाली डोह आहे. त्याच नदीवरचा नववा रॅपिड मात्र व्यावसायिक सहलींत माणसं पायी ओलांडतात. उलट एखादी अरुंद, उथळ, बर्फाच्या पाण्याची सलग वाहणारी नदी कागदावर ३ ते ४ असते आणि पडलेल्या माणसाला जास्त महागात पडते. म्हणून कंपनीला ‘ग्रेड किती?’ एवढंच विचारू नका. ‘सगळ्यात मोठ्या रॅपिडच्या खाली काय आहे?’ असं विचारा. ‘डोह आहे, तिथे आमची कयाक थांबते’ हे उत्तर आलं तर पुढे बोलायचं. ‘काही काळजी करू नका हो’ हे उत्तर नाही.

हंगाम म्हणजे पाण्याची पातळी

ऑक्टोबरात जायचं की एप्रिलमध्ये, हा प्रश्न खरं तर अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: त्या दिवसांत नदीत किती पाणी असतं आणि ते कुठून येतं? तोच रॅपिड कमी पाण्यात एक असतो आणि भरल्या पाण्यात अगदी दुसरा.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ग्रँड कॅन्यनमधल्या कोलोरॅडो नदीवर घडलं. तिथला क्रिस्टल नावाचा रॅपिड आजच्या रूपात आला तो १९६६ च्या डिसेंबरात, बाजूच्या ओढ्याच्या पुराने दगडधोंडे नदीत लोटल्यामुळे. एरवी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून साधारण आठ ते वीस हजार क्युसेक पाणी सुटतं आणि गाइड लोक ठरलेल्या वाटेने क्रिस्टल पार करतात. १९८३ च्या जूनअखेरीस धरण काठोकाठ भरलं आणि विसर्ग साठ हजार क्युसेकच्या पुढे गेला. एरवी सहसा न उलटणाऱ्या मोठ्या मोटर राफ्ट क्रिस्टलमध्ये उलटल्या, एका प्रवाशाचा जीव गेला, अनेक जखमी झाले. त्यानंतर प्रवाशांना तो टप्पा काठाने चालत पार करायला लावण्यात आलं. रॅपिड तोच, मुख्यतः बदललं ते पाणी.

पाणी वाढलं की दर वेळी धोका वाढतोच असं नाही. काही रॅपिड भरल्या पाण्यात खडकांसकट बुडून सपाट होतात. पण वेग वाढतो, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की माणसावर पडणारा जोर चौपट होतो. शिवाय मोठ्या खडकावरून पाणी ओसंडून खाली उलटं फिरू लागतं. गाइड लोक त्याला ‘होल’ म्हणतात आणि ते राफ्टला, माणसालाही, जागच्या जागी घुसळत ठेवू शकतं. काठाजवळच्या ‘एडी’, म्हणजे खडकाआडचं संथ पाणी जिथे थांबता येतं, त्याही भरल्या नदीत कमी होतात. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी काठावरच्या झाडांत शिरतं. फांद्यांतून पाणी गाळणीतल्यासारखं निघून जातं, माणूस मात्र अडकतो. याला ‘स्ट्रेनर’ म्हणतात आणि अनुभवी लोक त्याला लाटांपेक्षा जास्त घाबरतात.

फार कमी पाणीही बरं नाही. खडक उघडे पडतात, राफ्ट अडकते आणि पडलेल्या माणसाला गुडघाभर पाण्यात उभं राहावंसं वाटतं. तिथेच घात होतो. वाहत्या पाण्यात उभं राहताना पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं, तर प्रवाह शरीराला पुढे लोटतो आणि तोंड पाण्याखाली जातं. कंबरभर पाण्यातही माणसं अशी दगावतात.

म्हणून आपल्या नदीचं पाणी कुठून येतं ते आधी शोधा. बर्फ वितळून येणारी नदी उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यात फुगलेली आणि सगळ्यात थंड असते. ती दिवसभरातही बदलते. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खाली पोहोचतं ते संध्याकाळकडे, त्यामुळे हिमनद्यांच्या जवळच्या टप्प्यांवर सकाळची वेळ बहुधा सौम्य असते. पावसावरची नदी काही तासांत चढते आणि पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही, तो वरच्या डोंगरात पडला तरी पुरे. धरणाखालची नदी वेळापत्रकावर चालते. तिथे विसर्ग किती वाजता, किती आणि किती वेळ, हे विचारलंच पाहिजे.

पहिल्यांदा जात असाल तर माझी पसंती पावसाळा संपून नदी ओसरू लागल्यानंतरच्या काही आठवड्यांना आहे. पाणी हळूहळू उतरत असतं, निवळत असतं आणि अजून फार गार झालेलं नसतं. मात्र हंगामाचा अगदी पहिला आठवडा टाळा. पुराने नदीत कुठे झाडं आणून टाकलीत, कुठे वाट बदलली, हे गाइडनाही अजून नीट ठाऊक झालेलं नसतं. गंगेवर ऋषिकेशच्या वरच्या टप्प्यात पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं. अशा बंदीच्या काळात ‘आम्ही नेतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्याशी बोलणं तिथेच संपवा.

आपल्या माणसांचा हिशेब

राफ्टचा टप्पा ठरतो तो गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसावरून. बाकीचे पाच जण पट्टीचे पोहणारे असले तरी सहाव्याचं काय, हाच प्रश्न आहे.

पोहता येत नाही म्हणून राफ्टिंग अशक्य नाही, लाइफ जॅकेट तरंगतं ठेवतं. पण पाण्याची भीती वेगळी आणि पोहता न येणं वेगळं. हे तपासायला सहलीच्या महिनाभर आधी जवळच्या तरणतलावावर जा, जीवरक्षकाच्या देखत. लाइफ जॅकेट आणि रोजचे कपडे घालून पाठीवर तरंगायचं. मग तोंडावर पाणी येऊ द्यायचं आणि श्वास परत ताळ्यावर येतो का बघायचं. पंधरा-वीस मीटर कसंही करून पुढे सरकायचं. शेवटी शिडी न वापरता काठाला हात टेकून, पाय मारून वर चढायचा प्रयत्न करायचा. राफ्टमध्ये परत चढताना हीच हालचाल लागते आणि तिथे बहुतेकांना दुसऱ्याने जॅकेटच्या खांद्याला धरून ओढावं लागतं. ज्याचा श्वास तोंडावर पाणी येताच सुटतो आणि पाच मिनिटांनीही सावरत नाही, त्याने दुसऱ्या श्रेणीच्या वर जाऊ नये. यात कमीपणा काहीच नाही.

पूर्वी खांदा निखळलेला असेल तर वल्हं मारणं धोक्याचं आहे, तो रॅपिडमध्येच पुन्हा निखळू शकतो. फिट येणं, हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना नेमकं विचारा: ‘थंड पाण्यात अचानक पडलो तर चालेल का?’ गरोदरपणात जाऊ नये. दम्याचा पंप स्वतःच्या खिशात नको, गाइडच्या वॉटरप्रूफ पिशवीत हवा आणि तो तिथे आहे हे गाइडला सांगितलेलं हवं. मुलांच्या बाबतीत वयापेक्षा जॅकेट बसतं का हे आधी बघायचं. मोठ्यांचं जॅकेट करकचून आवळलेलं मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं.

थंडीचाही हिशेब करा. थंड पाण्यात पडल्यावर काय होतं ते लक्षात ठेवायला १-१०-१ असा क्रम सांगतात. पहिलं मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सांभाळायचा. पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यानंतर बोटं दोर धरायलाही नकार देतात. थंडीने शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. म्हणजे धोका आधी येतो तो धापेचा आणि हात न चालण्याचा. सुती कपडे आणि जीन्स नकोत. पाणी थंड असेल तर निओप्रीनचा वेटसूट मागा. कंपनीकडे तो नसेल, तर त्या हंगामात ती नदी आपल्यासाठी नाही.

कंपनीला विचारायचं काय

पहिला प्रश्न: ‘किती पाण्यावर तुम्ही हा टप्पा बंद करता?’ व्यवस्थित कंपनीकडे याचं ठोस उत्तर असतं, एखादा आकडा किंवा पुलाच्या खांबावरची खूण. ‘आम्ही कधी बंद करत नाही’ हे फुशारकीने सांगितलं जातं. मला तेवढ्यावरून ती कंपनी बाद वाटते.

मग गाइडबद्दल. इंटरनॅशनल राफ्टिंग फेडरेशन गाइडना पातळीनुसार प्रमाणपत्र देते, आणि रेस्क्यू ३ सारख्या संस्था वेगवान पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण देतात. प्रमाणपत्र आहे का यापेक्षा ते कोणत्या पातळीचं, त्याची मुदत संपली आहे का, आणि ते नेमक्या त्याच माणसाचं आहे का जो आपल्या राफ्टवर बसणार आहे, हे बघा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही मुदतीतलं हवं. आणि त्याला विचारा की हा टप्पा या पाण्याला त्याने कितीदा केला आहे. दुसऱ्या नदीवरचा निष्णात गाइड इथे नवखाच असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे एकट्या राफ्टने जायचं नाही. किमान दोन राफ्ट हव्यात, किंवा एक राफ्ट आणि बचावाची कयाक. एकच राफ्ट असेल आणि ती उलटली, तर वाचवणारे आणि वाचवले जाणारे सगळेच पाण्यात असतात.

अजून एक गोष्ट फारशा लोकांना माहीत नसते. राफ्ट दोन प्रकारे चालते. एकात सगळे प्रवासी वल्ही मारतात आणि गाइड मागून दिशा देतो. दुसऱ्यात मधे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट असते, गाइड तिथे बसून दोन लांब वल्ह्यांनी एकटा राफ्ट चालवतो, प्रवासी फक्त धरून बसतात. गटात लहान मूल, ज्येष्ठ किंवा वल्हं न मारू शकणारं कुणी असेल तर हा दुसरा प्रकार मागून घ्या. तिथे राफ्टचा ताबा नवख्या हातांवर अवलंबून राहत नाही.

बुकिंग करताना एवढं पाळा: राफ्टिंग सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पाणी चढलं तर दुसऱ्या दिवशी करता यावं म्हणून एक मोकळा दिवस हवा. आणि पाण्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की तारीख बदलून, हे लेखी घ्या. परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं आणि पैसे बुडणारे असतील, तर काठावर उभं राहून ‘नको’ म्हणायला कुणाचीच जीभ उचलत नाही. प्रवास विमाही याच वेळी बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात किंवा ठरावीक श्रेणीपर्यंतच चालतात.

काठावरची पंधरा मिनिटं

नदीकाठी पोहोचल्यावर आधी पाणी बघा. गढूळ आहे का, त्यातून फांद्या, ओंडके वाहत येताहेत का? पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवा किंवा एखादा दगड लक्षात ठेवा. गाइडची तयारी आणि सूचना होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात दगड बुडाला तर पाणी चढतंय. गढूळ, चढतं आणि लाकडं आणणारं पाणी, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर त्या दिवशी उतरायचं नाही, गाइड काहीही म्हणो.

जॅकेटचे सगळे बकल लावून, पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून जोरात वर खेचायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. हवा भरून फुगणारी जॅकेट रॅपिडमध्ये चालत नाहीत, फोमची हवीत. फोम दाबून बघा, कडक होऊन तुटू लागला असेल तर बदलून मागा. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं. पट्टा लावल्यावर ते मागे ढकलून बघा, मागे घसरून कपाळ उघडं पडलं तर लहान आकाराचं घ्या. पायात घट्ट बांधलेले बूट असू द्या, चपला पहिल्याच लाटेत जातात. चष्म्याला दोरी बांधा.

राफ्टभोवती बाहेरून दोर बांधलेला आहे का आणि गाइडच्या कमरेला किंवा राफ्टला थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या तरंगत्या दोराची पिशवी आहे का, हे नजरेने टिपा. दोर फेकला गेला तर दोर धरायचा, पिशवी नाही, आणि तो हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळायचा नाही. दोर खांद्यावरून घेऊन पाठीवर व्हायचं, म्हणजे तोंड पाण्याबाहेर राहतं.

सूचनांमध्ये पाण्यात पडल्यावर काय करायचं हे आलं नाही तर स्वतः विचारा. ढोबळ नियम असे. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. उथळ पाण्यातही उभं राहायचं नाही, पोट दगडांना घासू लागेपर्यंत नाही. गाइडने दिशा दाखवली की पालथं होऊन जोरात तिकडे पोहायचं, आळसावून वाहत राहायचं नाही. राफ्टखाली सापडलात तर हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत राहा, कड येतेच. समोर झाडाच्या फांद्या आल्या आणि टाळता आल्या नाहीत, तर पाय पुढे ठेवायचा नियम मोडा. डोकं पुढे करून त्यांच्याकडे पोहा आणि छाती फांदीवर चढवा, कारण पाय आधी गेले तर माणूस खाली ओढला जातो.

एक गट, तीन दिवस

हे सगळं एकत्र कसं चालतं ते बघू. समजा पाच जणांचं कुटुंब आहे. आईला पोहता येत नाही, पण तलावातल्या चाचणीत तिचा श्वास लवकर सावरला. वडिलांचा उजवा खांदा पूर्वी दोनदा निखळलेला. मुलगा आणि सून पंचविशीतले, तंदुरुस्त. धाकटी तेरा वर्षांची, वजन ३८ किलो. नदी डोंगरातून येणारी, पावसाळ्यानंतरची.

नदीवर तीन टप्पे आहेत. वरचा आठ किलोमीटरचा, सलग, चौथ्या श्रेणीचा. मधला बारा किलोमीटरचा, तिसऱ्या श्रेणीचा, रॅपिडखाली डोह असलेला, त्यात एकच रॅपिड चौथ्या श्रेणीचा आणि त्याच्या बाजूने पायवाट. खालचा सात किलोमीटरचा, दुसऱ्या श्रेणीचा. कंपनी सांगते की या दिवसांत साधारण २,५०० ते ३,५०० क्युसेक पाणी असतं आणि मधला टप्पा ती ५,००० ला बंद करते. वरचा टप्पा या गटासाठी घरीच बाद होतो, कारण तिथे पडलेल्या आईला थांबायला जागा नाही. मधला योग्य, पण पाणी बघून. खालचा हाताशी राखीव. कंपनीकडून दोन राफ्ट ठरतात, एक चौकटीची आणि एक वल्ह्यांची, शिवाय कयाक. तीन दिवसांचा मुक्काम आणि राफ्टिंगचे पैसे त्या त्या सकाळी द्यायचे, असं लेखी ठरतं.

पोहोचल्या दिवशी संध्याकाळी ३,२०० क्युसेक. रात्री वरच्या डोंगरात पाऊस होतो. सकाळी आकडा ४,१०० आहे. कंपनीच्या मर्यादेत बसतं, म्हणून गाइड मधला टप्पा करायला तयार आहे. पण पाणी गढूळ आहे आणि काठाला ठेवलेला दगड वीस मिनिटांत अर्धा बुडाला आहे. इथे आकडा आणि कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४,१०० वर उतरणारी नदी आणि ४,१०० वर चढणारी नदी यांत फरक असा, की दुसरी तुम्ही मधल्या टप्प्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत ४,७०० झालेली असू शकते आणि तिथे बाहेर पडायला रस्ता नसतो. ते खालचा टप्पा करतात. पाणी वाढल्याने तिथल्या लाटाही एरवीपेक्षा मोठ्या लागतात, आणि आई एका शांत डोहात गाइडच्या सांगण्यावरून मुद्दाम पाण्यात उतरून दोर धरण्याचा आणि राफ्टवर चढण्याचा सराव करते.

त्याच्या पुढच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी ३,३००, पाणी निवळलेलं, दगड कोरडा. आई, वडील आणि धाकटी चौकटीच्या राफ्टवर. वडिलांना वल्हं नाही, आणि डाव्या हाताने धरता येईल अशी जागा. मुलगा आणि सून वल्ह्यांच्या राफ्टवर, दुसऱ्या एका गटाबरोबर. चौथ्या श्रेणीच्या रॅपिडआधी दोन्ही राफ्ट काठाला लागतात. आई, वडील आणि धाकटी पायवाटेने खाली जातात, कयाक आधी उतरून डोहात थांबते, थ्रो बॅग घेऊन एक गाइड खडकावर उभा राहतो आणि मग बाकीचे उतरतात. हा क्रम कंपनीने आपणहून पाळला नसता तर तो मागून घ्यायचा होता.

दोन्ही दिवस पाणी ४,८०० च्या आसपास राहिलं असतं, तर तिसऱ्या दिवशीही मधला टप्पा झाला नसता. आकडा कंपनीच्या मर्यादेत होता तरी. कारण ५,००० ही मर्यादा कंपनीने वल्हं मारू शकणाऱ्या, पोहता येणाऱ्या गटासाठी ठेवलेली असते. या कुटुंबाने स्वतःची मर्यादा घरूनच ४,००० आणि ‘चढतं नको’ अशी कागदावर लिहून आणली होती.